थ्रीडी प्रिंटिंग: वस्तू बेडवर कशी ठेवावी? कमी सपोर्ट आणि न तुटणारे थर यांचा मेळ

घरी प्रिंट केलेली खुंटी दाराला लावली. तिच्यावर रोज पिशवी अडकवली, तीन आठवडे काही झाले नाही. मग एका संध्याकाळी भाजीने भरलेली पिशवी जरा जोरात अडकवली आणि खुंटी कट्कन तुटली. तुटलेला भाग पाहिला तर एकदम सपाट, जणू सुरीने कापला आहे. प्लास्टिक चांगले होते, इन्फिल भरपूर होते, प्रिंटही देखणी आली होती. चूक झाली होती ती प्रिंट सुरू करण्यापूर्वी, स्लायसरमध्ये खुंटी बेडवर ठेवताना.

वस्तू बेडवर कोणत्या बाजूने ठेवायची, याला ओरिएंटेशन म्हणतात. त्यावर दोन गोष्टी ठरतात. पहिली, किती सपोर्ट लागतील, म्हणजे प्रिंट होताना अधांतरी राहणाऱ्या भागाखाली किती तात्पुरता आधार उभारावा लागेल. दुसरी, वापरात येणारा भार थरांना कोणत्या दिशेने ओढेल. अनेकजण पहिलीच गोष्ट पाहतात, कारण सपोर्ट स्क्रीनवर दिसतात. थरांचा कमकुवतपणा स्क्रीनवर दिसत नाही. तो दाराला लावल्यावर कळतो.

या लेखात आपण एकच साधी वस्तू, पिशवी अडकवायची खुंटी, घेऊन हा निर्णय कसा करायचा ते पाहू. येथे सांगितलेले सर्व फिलामेंट वितळवून थर रचणाऱ्या, म्हणजे एफडीएम प्रकारच्या प्रिंटरबद्दल आहे.

थरांमधला जोड कच्चा का असतो?

बांबू उभा चिरायला कोयत्याचा एक घाव पुरतो, पण तोच बांबू आडवा तोडायला बरीच मेहनत लागते. कारण तंतू एकाच दिशेने जातात. तंतू तोडणे कठीण आणि दोन तंतू एकमेकांपासून वेगळे करणे सोपे. एफडीएम प्रिंटचेही तसेच आहे. नोझलमधून निघालेली प्रत्येक रेघ हा सलग प्लास्टिकचा धागा असतो. त्या धाग्याच्या लांबीच्या दिशेने ओढले तर प्लास्टिकची जवळजवळ पूर्ण ताकद मिळते. थर एकमेकांपासून दूर ओढले तर मात्र सगळा भार दोन थरांमधल्या जोडावर येतो.

हा जोड कच्चा राहण्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण उष्णतेचे. पीएलए साधारण २०० ते २१५ अंश सेल्सिअसला नोझलमधून बाहेर येते, पण ते ज्या थरावर पडते तो थर तोवर बराच थंड झालेला असतो. नवा थर जुन्याला क्षणभर तापवतो. तेवढ्या वेळात दोन्हीकडच्या प्लास्टिकच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतायला हव्यात. पीएलएचे तापमान सुमारे ६० अंशांच्या खाली गेले की हे गुंतणे थांबते. पंखा जोरात असेल तर ही वेळ आणखी कमी मिळते.

दुसरे कारण आकाराचे. प्रिंटच्या बाजूवरून नख फिरवले तर बारीक खाचा लागतात. दोन थर जिथे भेटतात तिथे ती खाच असते. जिथे जोड आधीच कच्चा, तिथेच खाच, म्हणजे चीर सुरू व्हायला तयार जागा.

दोन्हीचा परिणाम म्हणून थरांच्या आडव्या दिशेची ताकद बऱ्याचदा धाग्याच्या दिशेच्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास भरते. प्रिंटरची सेटिंग वाईट असेल तर त्याहूनही कमी. हिशेबासाठी आपण पीएलएची धाग्याच्या दिशेची ताकद ५० मेगापास्कल आणि थरांमधली २५ मेगापास्कल धरू. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन, आणि एक न्यूटन म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाइतके बळ.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. थर एकमेकांवर दाबले जात असतील तर हा कच्चेपणा फारसा आड येत नाही. अडचण ओढीची आहे. त्यामुळे प्रश्न नेमका असा विचारायचा: वापरात वस्तूचा कोणता भाग ताणला जातो, आणि तो ताण थरांच्या रेघांना समांतर आहे की त्यांना आडवा?

सपोर्ट नेमका कधी लागतो?

प्रिंटर हवेत प्लास्टिक टाकू शकत नाही. प्रत्येक थराला खालच्या थराचा थोडा तरी आधार हवा. समजा थराची उंची ०.२ मिमी आहे आणि रेघेची रुंदी ०.४५ मिमी. भिंत उभ्या रेषेपासून ४५ अंश बाहेर झुकली असेल तर प्रत्येक नवा थर खालच्या थरापेक्षा ०.२ मिमी बाहेर जातो. म्हणजे रेघेचा निम्म्याहून थोडा कमी भाग हवेत आणि उरलेला आधारावर. हे जमते. भिंत ६० अंश झुकली तर प्रत्येक थर सुमारे ०.३५ मिमी बाहेर जातो आणि रेघेचा तीन चतुर्थांश भाग हवेत राहतो. मग कडा खाली ओघळतात. ४५ अंशांचा सर्वत्र सांगितला जाणारा नियम यातून आला आहे. तो काटेकोर सीमा नाही. चांगला पंखा आणि पातळ थर असतील तर ५०-५५ अंशही निभावतात.

येथे एक गोंधळ होतो. क्युरामध्ये `Support Overhang Angle` हा कोन उभ्या रेषेपासून मोजला जातो, तर प्रुसास्लायसरमध्ये `Overhang threshold` आडव्या पातळीपासून. म्हणजे एकात आकडा वाढवला की सपोर्ट कमी होतात आणि दुसऱ्यात आकडा वाढवला की सपोर्ट वाढतात. एका सॉफ्टवेअरसाठी लिहिलेला सल्ला दुसऱ्यात तसाच वापरला तर उलटा परिणाम होतो.

दोन बाजूंना आधार असलेला आडवा भाग मात्र वेगळा. तिथे प्रिंटर रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून पूल बांधतो. पीएलएमध्ये २० मिमीचे अंतर सहसा सपोर्टशिवाय पार होते. म्हणून स्क्रूसाठीचे ५ मिमीचे भोक आडवे आले तरी त्यात सपोर्टची गरज नसते.

आपली खुंटी

आता मापे ठरवू. भिंतीला टेकणारी पाठपट्टी ८० मिमी उंच, ४० मिमी रुंद आणि ६ मिमी जाड आहे. तिच्या वरच्या अर्ध्या भागात ५ मिमीची दोन स्क्रूची भोके आहेत. पट्टीच्या तळाशी, रुंदीच्या मधोमध, एक दांडी समोर निघते: ५० मिमी लांब, २० मिमी रुंद, ८ मिमी जाड. पिशवी घसरू नये म्हणून दांडीच्या टोकाला १२ मिमीचा उंचवटा आहे. बाजूने पाहिले तर इंग्रजी एल अक्षरासारखा आकार दिसतो.

भार कसा येतो ते पाहू. ३ किलोची पिशवी म्हणजे साधारण ३० न्यूटन. पिशवीचा बंद पट्टीपासून ४० मिमी अंतरावर आहे. त्यामुळे दांडीच्या मुळाशी वाकवणारे बळ ३० गुणिले ४०, म्हणजे १२०० न्यूटन-मिलिमीटर येते. दांडी खाली वाकायला पाहते, तेव्हा तिचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो.

भार तिथेच संपत नाही. स्क्रू वरच्या भागात आहेत, त्यामुळे दांडी पट्टीचा खालचा भाग भिंतीकडे दाबू पाहते आणि कोपऱ्याच्या लगेच वर पट्टीलाही जवळजवळ तेवढेच वाकवणारे बळ सोसावे लागते. पट्टीचा समोरचा पृष्ठभाग उभ्या दिशेने ताणला जातो. थोडक्यात, एल आकाराचा कोपरा उघडायला पाहतो आणि सगळ्यात जास्त ओढ आतल्या कोपऱ्यात असते. ती ओढ वळणावर दिशा बदलते: दांडीत आडवी, पट्टीत उभी.

ताण किती? भरीव आयताकृती छेदासाठी वाकवणारे बळ भागिले (रुंदी × जाडी × जाडी ÷ ६) असा साधा हिशेब आहे. दांडीसाठी २० × ८ × ८ ÷ ६, म्हणजे सुमारे २१३. १२०० ला २१३ ने भागले की ५.६ मेगापास्कल मिळतात. पट्टीसाठी ४० × ६ × ६ ÷ ६ = २४०, म्हणजे ताण ५ मेगापास्कल.

२५ च्या तुलनेत ५.६ म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण आतला कोपरा काटकोनी आणि टोकदार असेल तर ताण तिथे एकवटतो आणि अडीच पट धरला तर १४ पर्यंत जातो. शिवाय पिशवी हळूच न ठेवता एकदम सोडली तर भार क्षणभर दुप्पट होतो. ही न उचलता नुसती सोडल्याची गोष्ट झाली. वरून आदळली तर त्याहून जास्त. म्हणजे १४ चे २८. थरांमधला जोड २५ ला सुटतो, धाग्याच्या दिशेने प्लास्टिक ५० पर्यंत टिकते. सुरुवातीची खुंटी तीन आठवडे टिकून एका संध्याकाळी का तुटली, याचे उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये आहे.

तीन बाजू, तीन वेगळ्या खुंट्या

पहिली बाजू: भिंतीवर असते तशी उभी. दांडी बेडवर आडवी, पट्टी वर उभी. या बाजूने एकही सपोर्ट लागत नाही. दांडी बेडवर टेकते, उंचवटा सरळ वर जातो, भोके आडवी असली तरी लहान आहेत. स्लायसरची स्वयंचलित सूचनाही अनेकदा ही किंवा अशी बाजू सुचवते, कारण तिला आकार माहीत असतो, भार माहीत नसतो. आणि येथेच फसगत होते. दांडीतली ओढ आडवी असल्याने ती थरांना समांतर जाते, तिथे काही अडचण नाही. पण पट्टीतली ओढ उभी आहे आणि थर आडवे आहेत. म्हणजे ओढ थरांना थेट एकमेकांपासून सोडवते. दांडीच्या लगेच वरच्या थरावर, आतल्या कोपऱ्याच्या ओळीत, पट्टी सपाट तुटते. शिवाय ८० मिमी उंचीसाठी ०.२ मिमीचे ४०० थर लागतात.

दुसरी बाजू: पाठपट्टी बेडवर पालथी, दांडी वर उभी. बेडवर मोठा पृष्ठभाग टेकतो, भोके अगदी गोल येतात, पट्टीची भिंतीकडची बाजू गुळगुळीत होते. पण दांडी आता थरांची उतरंड झाली. तिच्या वरच्या पृष्ठभागावरची ओढ दांडीच्या लांबीच्या दिशेने असते आणि थर त्या दिशेला आडवे आहेत. दांडी मुळाशी तुटून पिशवीसह खाली येईल. उंचवटाही हवेत राहतो, त्याच्याखाली ४४ मिमी उंचीचा सपोर्ट उभारावा लागतो. म्हणजे ताकदही नाही आणि सपोर्टही टळला नाही.

तिसरी बाजू: खुंटी कुशीवर आडवी. एल आकार बेडच्या पातळीत झोपतो आणि थर खुंटीच्या रुंदीच्या दिशेने रचले जातात. आता प्रत्येक थर म्हणजे एक पूर्ण एल आहे. बाहेरच्या भिंतींच्या रेघा दांडीच्या वरच्या पृष्ठभागावरून जातात, कोपऱ्यात वळतात आणि पट्टीवर चढतात, कुठेही न तुटता. दांडीतली आडवी आणि पट्टीतली उभी, दोन्ही ओढी थरांच्या आतच राहतात. थरांना सोडवणारे काही उरत नाही. उंची फक्त ४० मिमी, म्हणजे २०० थर, पहिल्या बाजूच्या निम्मे.

मग अडचण काय? पट्टी ४० मिमी रुंद आणि दांडी २० मिमी रुंद, तीही मधोमध. त्यामुळे कुशीवर ठेवल्यावर दांडी बेडपासून १० मिमी वर हवेत राहते. स्लायसर तिच्याखाली लगेच सपोर्ट दाखवतो, आणि तो रंग पाहून अनेकजण पुन्हा पहिल्या बाजूकडे वळतात.

सपोर्ट दिसला की तो किती आहे ते मोजावे. दांडीखालची जागा ५० × ८ × १० मिमी, म्हणजे ४ घन सेंटिमीटर. उंचवट्याखालची जागा धरली तरी त्यात फारशी भर पडत नाही. सपोर्ट पोकळ असतात. १५ टक्के भरलेले धरले तर ०.६ घन सेंटिमीटर, पीएलएच्या वजनात सुमारे पाऊण ग्रॅम. उंचवटा धरून एक ग्रॅमच्या आसपास. एवढ्या प्लास्टिकच्या मोबदल्यात खुंटीची कमकुवत दिशा भारापासून पूर्ण बाजूला जाते.

तिन्ही बाजू एकत्र पाहिल्या तर चित्र असे दिसते:

| बाजू | सपोर्ट | थर | भाराने कुठे तुटेल |
|---|---|---|---|
| उभी | नाही | ४०० | पट्टी, दांडीच्या लगेच वर |
| पट्टी पालथी | उंचवट्याखाली, ४४ मिमी उंच | २८० | दांडी, मुळाशी |
| कुशीवर | दांडीखाली, १० मिमी उंच | २०० | थरांवर नाही |

म्हणून क्रम लक्षात ठेवायचा: आधी भाराची दिशा पाहून बाजू ठरवायची, मग त्या बाजूने लागणारे सपोर्ट कमी कसे करता येतील ते पाहायचे. उलट क्रमाने गेलात तर स्क्रीनवर सुंदर दिसणारी आणि दारावर तुटणारी खुंटी मिळते.

निवडलेल्या बाजूने सपोर्ट कमी करणे

खुंटीचा आराखडा तुमच्या हातात असेल तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे पट्टीही दांडीइतकीच २० मिमी रुंद करणे. मग कुशीवर ठेवलेली खुंटी तळापासून वरपर्यंत एकसारखा एल आकार होते आणि सपोर्ट शून्य. मात्र पट्टीची रुंदी निम्मी झाली की तिच्यातला ताण दुप्पट होतो. तो भरून काढण्यासाठी जाडी ६ वरून ८.५ मिमी करावी लागते. रुंदीपेक्षा जाडी जास्त उपयोगी पडते, कारण हिशेबात जाडीचा वर्ग येतो.

पट्टी रुंदच हवी असेल तर दांडी मधोमध न ठेवता पट्टीच्या एका कडेला सरकवता येते. ती कड बेडवर ठेवली की दांडीही बेडवर टेकते. पिशवी मध्यापासून १० मिमी बाजूला लटकते, त्यामुळे पट्टीला थोडा पीळ बसतो, पण दोन स्क्रू तो सहज सांभाळतात. दिसायला खुंटी एकांगी होते, एवढेच.

आणि फाइल कुणाची तरी डाउनलोड केलेली असेल, बदल करता येत नसेल, तर सपोर्ट स्वीकारावा. सपोर्ट काढल्यावर त्याला टेकलेला पृष्ठभाग खरबरीत राहतो. आपल्या खुंटीत तो दांडीची बाजू आहे. पिशवीचा बंद तिथे घासत नाही आणि समोरून ती फारशी दिसत नाही. सपोर्टची खरखर कुठे पडेल, हेही बाजू निवडताना पाहावे. एल कोणत्या कुशीवर झोपवायचा, डाव्या की उजव्या, हे त्यावरूनच ठरवता येते.

या बाजूने बेडला टेकतो तो पट्टीचा फक्त ८० × ६ मिमीचा काठ आणि त्यावर ४० मिमीची भिंत उभी राहते. ती प्रिंट होताना सुटू नये म्हणून ५ मिमीचा ब्रिम द्यावा. दांडीखालचा सपोर्ट येथे उलट मदतच करतो, एलच्या दुसऱ्या पायाला तो बेडवर धरून ठेवतो.

भोकांचा वरचा भाग किंचित चपटा येईल. ५ मिमीच्या भोकात ४ मिमीचा स्क्रू जाणार असेल तर तो फरक जाणवत नाही. भोक १० मिमीपेक्षा मोठे असेल तर ते पूर्ण गोल न ठेवता वरच्या बाजूला टोकदार, पाण्याच्या थेंबासारखे काढण्याची पद्धत आहे. टोकाच्या दोन्ही बाजू ४५ अंशांत राहतात, म्हणून आत सपोर्ट लागत नाही. हे टोक प्रिंटच्या वेळी वर येणाऱ्या दिशेला हवे, भिंतीवर वर असणाऱ्या दिशेला नव्हे.

बाजू ठरली की दोन बदल ताकद आणखी वाढवतात. आतल्या कोपऱ्याला ४-५ मिमीची गोलाई दिली तर ताण एकवटण्याचे प्रमाण बरेच उतरते. कुशीवर ठेवलेल्या खुंटीत या गोलाईला सपोर्टचा काही खर्च नाही, कारण ती बेडच्या पातळीतच काढली जाते. दुसरा बदल, इन्फिल वाढवण्यापेक्षा भिंतींची संख्या वाढवा. वाकताना ओढ आणि दाब बाहेरच्या पृष्ठभागांवर सर्वाधिक असतात, मध्यभागी जवळजवळ नसतात. ०.४५ मिमीच्या ४ भिंती दिल्या तर दोन्ही बाजू मिळून ३.६ मिमी होतात. म्हणजे ६ मिमीच्या पट्टीतला निम्म्याहून जास्त भाग सलग धाग्यांचा होतो, आणि तोही जिथे हवा तिथे.

एकच बाजू पुरत नाही तेव्हा

प्रत्येक वस्तू एलसारखी सरळ नसते. समजा गोल चकतीच्या मधोमध एक गोल दांडा आहे. कुशीवर ठेवली तर चकती काठावर उभी राहते आणि दांडा पूर्ण लांबीभर हवेत. पालथी ठेवली तर दांडा मुळाशी तुटणार. अशा वेळी वस्तू दोन तुकड्यांत प्रिंट करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. चकती पालथी, दांडा आडवा. दांड्याची बेडकडची एक बाजू किंचित सपाट केली की त्यालाही सपोर्ट लागत नाही. मग दांडा चकतीतल्या भोकात मागच्या बाजूने घालायचा. त्याच्या मागच्या टोकाला रुंद डोके ठेवले तर भार डोक्यावर येतो, गोंदावर नाही.

तुकडे करायचे नसतील तर थरांना आरपार जाणारे भोक ठेवून त्यातून धातूचा बोल्ट घालता येतो. नट आवळला की थर आधीच एकमेकांवर दाबले जातात. बाहेरच्या ओढीला प्रथम तो दाब संपवावा लागतो, तोवर जोडावर ओढ येत नाही. उभ्या प्रिंट केलेल्या दांड्यात ४ मिमीचा लांब बोल्ट घातला तर भार मुख्यतः बोल्टच घेतो.

वस्तू तिरपी ठेवणे हा मधला मार्ग आहे. ओढ थरांना काटकोनात न येता ४५ अंशांत आली तर जोड उघडू पाहणारा ताण निम्मा होतो. पण जोडाला घसरवू पाहणारा ताण त्याच वेळी तेवढाच येतो, आणि बेडला टेकणारी जागा लहान होते. भार दोन-तीन दिशांनी येत असेल आणि कोणतीही एक बाजू पूर्ण चांगली नसेल, तेव्हाच हे करावे.

तुटलेला तुकडा काय सांगतो?

वस्तू तुटली तर तुकडे फेकण्यापूर्वी उजेडात धरून पाहा. तुटलेला पृष्ठभाग सपाट असेल, त्यावर शेजारी शेजारी टाकलेल्या रेघा स्पष्ट दिसत असतील आणि दोन तुकडे पुन्हा अचूक एकमेकांवर बसत असतील, तर थर सुटले आहेत. प्लास्टिक तुटलेलेच नाही. येथे जाडी वाढवून थोडाच फरक पडेल. बाजू बदलली पाहिजे.

पृष्ठभाग ओबडधोबड असेल, कडा पांढुरक्या झाल्या असतील, धागे ओढले गेलेले दिसत असतील, तर धागे स्वतः तुटले आहेत. म्हणजे बाजू बरोबर होती, भार जास्त होता. आता जाडी, गोलाई किंवा भिंती वाढवण्यात अर्थ आहे.

थर फारच सहज, हाताने सोलल्यासारखे सुटत असतील तर जोड नेहमीपेक्षा कच्चा आहे. नोझलचे तापमान ५ ते १० अंशांनी वाढवून आणि पंखा थोडा कमी करून पाहावे. पंखा कमी केला की अधांतरी कडा जास्त ओघळतात, म्हणजे सपोर्टची गरज वाढते. कमी सपोर्ट लागणारी बाजू आधीच निवडलेली असेल तर ही सूट घेता येते.

तुमच्या प्रिंटरचा जोड किती पक्का आहे हे पाहण्याची घरगुती रीत सोपी आहे. ५ × ५ × ६० मिमीच्या दोन पट्ट्या त्याच फिलामेंटने, त्याच सेटिंगने करा. एक बेडवर आडवी, दुसरी उभी. दोन्ही हाताने मोडून पाहा. डोळ्यांना चष्मा लावा, तुकडा उडू शकतो. दोहोंतला फरक हाताला जितका जाणवेल, तितकी बाजू निवडण्यात काळजी हवी.

बाजू बदलून जे सुटत नाही

बाजू बदलली की वस्तू प्लास्टिकच्या स्वतःच्या ताकदीच्या जवळ जाते, त्यापुढे नाही. पीएलए सततच्या भाराखाली महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहते, धागे कोणत्याही दिशेने असले तरी. ५५-६० अंशांच्या आसपास ते मऊ पडते, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत ठेवायच्या वस्तूला ते चालणार नाही. पीईटीजीमध्ये थरांचा जोड सहसा पीएलएपेक्षा बरा असतो, पण तिथेही उभी आणि आडवी ताकद सारखी होत नाही. वरचे आकडे भरीव छेदाचे आणि अंदाजाचे आहेत. ते कोणती बाजू चांगली हे ठरवायला पुरतात, खुंटी नक्की किती किलो पेलेल हे सांगायला नाही. डोक्यावर लटकणारी किंवा तुटल्यास कुणाला इजा होईल अशी वस्तू त्यांच्या भरवशावर लावू नये.

प्रत्येक वेळी एवढा हिशेब करण्याची गरज नसते. फोटोफ्रेमचा पाय किंवा पेन ठेवायचा डबा असेल तर भार नगण्य आहे, तिथे कमीत कमी सपोर्टची बाजू खुशाल निवडा. पण वस्तूवर काही लटकणार असेल, तिला काही ओढणार असेल किंवा ती पुन्हा पुन्हा वाकणार असेल, तर स्लायसर उघडण्यापूर्वी कागदावर तिचा बाजूचा आकार काढा, भाराचा बाण काढा आणि आतला कोपरा कोणत्या दिशेने उघडेल ते पाहा. मग प्रुसास्लायसरमध्ये `Place on face` वापरून योग्य तो चेहरा बेडवर टेकवा आणि थरांच्या पूर्वदृश्यात भिंतींच्या रेघा कोपऱ्यातून न तुटता वळतात का ते तपासा. वळत असतील तर मागाहून दिसणाऱ्या एक-दोन ग्रॅम सपोर्टला घाबरण्याचे कारण नाही.